इमर्जन्सी रूमचा सीन पायरीपायरीने कसा समजून घ्यायचा

मेडिकल सिरीयल बघताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. दार ढकलून स्ट्रेचर आत येतं, चार जण एकदम बोलायला लागतात. कुणी आकडे सांगतं, कुणी औषधांची नावं घेतं, मॉनिटर ओरडत असतो, आणि दोन मिनिटांत पेशंट वाचलेला असतो नाहीतर गेलेला असतो. बिघडलं काय आणि सुधारलं कशाने, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यातून या मालिका बऱ्याचशा अमेरिकेतल्या. सोलापुरात आपण जिला सिव्हिलची कॅज्युअल्टी म्हणू, ती तिकडे ईआर, म्हणजे इमर्जन्सी रूम. औषधांची आणि हुद्द्यांची नावंही वेगळी.

पण त्या गोंगाटाला एक ठरलेला क्रम असतो. तो क्रम कानात बसला की अर्धे शब्द कळले नाहीत तरी गोष्ट सुटत नाही. इथे आपण नमुन्यादाखल एकच पेशंट घेऊ. मोटरसायकलच्या अपघातातला, अशा मालिकांमध्ये हटकून येणारा. त्याला दारापासून शेवटपर्यंत सोडायचं नाही.

पायरी पहिली: स्ट्रेचरसोबत येणारं वाक्य पकडा

अँब्युलन्समधले लोक, म्हणजे पॅरामेडिक, धावता धावता एका दमात सगळं सांगतात. ते साधारण असं असतं:

«३४ वर्षांचा पुरुष, मोटरसायकल व्हर्सेस कार, हेल्मेट होतं, जागेवर बेशुद्ध. बीपी १०० ओव्हर ६०, पल्स १२०, सॅट्स ९०, जीसीएस १३. डावीकडे ब्रेथ साउंड्स कमी. दोन लार्ज बोअर लाइन्स, एक लिटर सलाइन गेलंय.»

यात चारच गोष्टी आहेत आणि त्या जवळजवळ नेहमी याच क्रमाने येतात: कोण आहे, काय झालं, आत्ता आकडे काय आहेत, वाटेत काय केलं. «व्हर्सेस» ऐकलं की कोण कुणाला धडकलं ते कळतं. «ऑटो व्हर्सेस पेड» म्हणजे पायी चालणाऱ्याला गाडीने उडवलं. आपली रिक्षा नव्हे, ऑटो म्हणजे तिकडे कार. «एमव्हीसी» म्हणजे वाहनाचा अपघात, «जीएसडब्ल्यू» म्हणजे गोळी लागलेली जखम. हा दुसरा शब्द अमेरिकन मालिकांमध्ये फार ऐकू येतो, आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत क्वचित.

आता आकडे. बीपीचा वरचा आकडा मोठ्या माणसात साधारण १२०. तो ९० च्या खाली गेला की खोलीतलं वातावरण बदलतं. पल्स, म्हणजे नाडी, मिनिटाला ६० ते १००. «टॅकी» म्हणजे त्याहून जोरात, «ब्रॅडी» म्हणजे त्याहून हळू. «सॅट्स» म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९५ च्या वर हवं. बोटाला चिमटा लावून हाच आकडा कोविडच्या काळात आपण घरोघरी पाहिलाय.

आकडे सुटे ऐकू नका, जोडीने ऐका. नाडी वर आणि बीपी खाली, हे दोन्ही एकदम होऊ लागलं की रक्ताभिसरण कोलमडायला लागलंय असं समजा. यासाठी एक सोपा हिशेब आहे. नाडीला बीपीच्या वरच्या आकड्याने भागायचं. निरोगी माणसात उत्तर ०.५ ते ०.७ च्या आसपास येतं. आपल्या पेशंटचं १२० भागिले १००, म्हणजे १.२. बीपी १०० ऐकून «बरं दिसतंय की» वाटतं, पण हा माणूस तरुण आहे आणि त्याचं हृदय दुप्पट मेहनत करून तो आकडा धरून ठेवतंय. सीनमधला अनुभवी डॉक्टर याच वेळी गंभीर होतो आणि नवशिका निर्धास्त असतो, त्याचं कारण हेच.

याच अवस्थेला डॉक्टर «शॉक» म्हणतात. इथे शॉक म्हणजे मनाला बसलेला धक्का नाही आणि विजेचा झटकाही नाही. अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही, एवढाच अर्थ. विजेच्या शॉकचं पुढे येईल; दोन्हींची गल्लत झाली तर सीन उलटा समजतो.

राहिला जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. शुद्ध किती आहे हे मोजायची ही पट्टी ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्याला ४ पैकी, बोलण्याला ५ पैकी आणि हातपाय हलवण्याला ६ पैकी गुण. पूर्ण जागा माणूस १५, आणि सगळ्यात कमी ३. शून्य या पट्टीत नसतोच. आपल्या पेशंटचे १३ असे झाले: हाक मारली की डोळे उघडतो म्हणून ३, बोलतो पण भांबावलेला आहे म्हणून ४, सांगितलं ते करतो म्हणून ६. हा आकडा ८ पर्यंत खाली आला की घशात नळी घालायची तयारी सुरू होते, कारण एवढ्या बेशुद्ध माणसाला स्वतःचा श्वासमार्ग सांभाळता येत नाही. हे ८ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पायरी दुसरी: ए-बी-सी-डी-ई मोजत चला

पेशंट बेडवर आला की डॉक्टर पाच गोष्टी ठरलेल्या क्रमाने तपासतात. ए म्हणजे एअरवे, श्वासाचा मार्ग मोकळा आहे का. बी म्हणजे ब्रीदिंग, दोन्ही फुप्फुसांत हवा जातेय का. सी म्हणजे सर्क्युलेशन, रक्ताभिसरण. डी म्हणजे डिसॅबिलिटी, मेंदू काम करतोय का. ई म्हणजे एक्स्पोजर, कपडे कापून पूर्ण अंग बघणं. पाठ बघायला तीनचार जण मिळून पेशंटला एका अंगावर वळवतात, त्याला «लॉग रोल» म्हणतात.

हा क्रम असाच का, हे समजून घेण्यासारखं आहे. जे सगळ्यात लवकर मारतं ते आधी. श्वासमार्ग बंद झाला तर हाताशी काही मिनिटंच असतात. मोडलेला पाय कितीही भयानक दिसला तरी तो थांबू शकतो. म्हणून पाय उलटा वळलेला असूनही सगळे छातीकडे बघत असतात. १९७६ मध्ये जेम्स स्टायनर नावाचे अमेरिकन हाडांचे डॉक्टर स्वतः चालवत असलेलं छोटं विमान नेब्रास्कात पडलं. बायको जागीच गेली, मुलं जखमी झाली, आणि जवळच्या छोट्या दवाखान्यात उपचारांची पद्धत इतकी विस्कळीत होती की त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन अपघातातल्या पेशंटसाठी शिस्तबद्ध कोर्स उभा केला. पुढे तो एटीएलएस नावाने जगभर गेला. अपघातातल्या पेशंटसाठी हा ए-बी-सी-डी-ई क्रम सगळीकडे रुजला तो याच कोर्समुळे.

आपल्या पेशंटवर हा क्रम लावून बघू.

ए: डॉक्टर नाव विचारतात, तो पुटपुटत का होईना उत्तर देतो. बोलतोय म्हणजे मार्ग उघडा आहे. मानेभोवतीची कडक पट्टी, कॉलर, तशीच ठेवायची, कारण मानेचं हाड मोडलेलं असू शकतं. «सी-स्पाइन क्लिअर केलं का?» हा प्रश्न मानेच्या मणक्याबद्दल असतो, शॉक देतानाच्या «क्लिअर»शी त्याचा संबंध नाही.

बी: स्टेथोस्कोप दोन्हीकडे लावतात. «ब्रेथ साउंड्स डिमिनिश्ड ऑन द लेफ्ट.» डावीकडे हवा कमी जातेय. आपल्या गोष्टीची किल्ली हीच आहे.

सी: «टू लार्ज बोअर्स आहेत का?» म्हणजे जाड सुया. सुईचा गेज-आकडा जितका लहान तितकी ती जाड. १४ आणि १६ गेज जाड, आणि हाताला नेहमी लावतात त्या २० किंवा २२ च्या बारीक. याच वेळी सोनोग्राफीचं छोटं मशीन पोटावर फिरतं, त्याला «फास्ट» म्हणतात. बघायच्या जागा चार: उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधे, डावीकडे प्लीहेजवळ, ओटीपोटात, आणि हृदयाभोवती. पडद्यावर काळा पट्टा दिसला तर तिथे रक्त साठलंय. «फास्ट पॉझिटिव्ह» म्हणजे वाईट बातमी आणि बहुधा थेट ऑपरेशन. आपल्या पेशंटचं फास्ट निगेटिव्ह आलं. मग बीपी पडतंय कशाने? चांगला लेखक इथे प्रेक्षकालाही हाच प्रश्न विचारत असतो.

डी: जीसीएस पुन्हा मोजतात आणि बुबुळावर टॉर्च मारतात. «पर्ल» किंवा «इक्वल अँड रिअॅक्टिव्ह» म्हणजे दोन्ही बाहुल्या सारख्या आणि प्रकाशाला आकसणाऱ्या. «ब्लोन प्युपिल» म्हणजे एका बाजूची बाहुली मोठी होऊन अडकली, कवटीत दाब वाढल्याची खूण.

मधेच सुटणाऱ्या ऑर्डरी

हे चालू असताना कुणीतरी ओरडतं: «सीबीसी, केम सेव्हन, टाइप अँड क्रॉस फॉर फोर, पोर्टेबल चेस्ट!» यात घाबरण्यासारखं काही नाही. सीबीसी आपल्याकडेही सीबीसीच. केम सेव्हन म्हणजे रक्तातल्या सात गोष्टी: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, युरियाचा अंश, क्रिएटिनीन आणि साखर. टाइप अँड क्रॉस म्हणजे रक्तगट बघून, पेशंटच्या रक्ताशी जुळवून चार पिशव्या तयार ठेवा. या जुळवणीला पाऊण तास तरी जातो. तेवढा वेळ नसला की «ओ नेग» मागवतात. ओ निगेटिव्ह रक्त न जुळवताही देता येतं. मागणी टाइप अँड क्रॉसवरून ओ नेगवर गेली, तर घड्याळ हातातून सुटत चाललंय असं धरून चाला.

पायरी तिसरी: नळी का घातली, ते ओळखा

आता आपल्या पेशंटचं बोलणं थांबतं. चिमटा काढल्यावर डोळे किलकिले होतात, २. नुसतं कण्हणं, २. दुखलं की हात मागे घेतो, ४. बेरीज ८. डॉक्टर म्हणतात, «लेट्स ट्यूब हिम.»

«ट्यूब», «इंट्युबेट», «आरएसआय» हे सगळं एकाच कामाबद्दल. आधी झोपवणारं औषध, लगेच पाठोपाठ स्नायू पूर्ण ढिले करणारं औषध, आणि मग घशातून श्वासनलिकेत नळी. ऑर्डर अशी येते: «ट्वेंटी ऑफ एटॉमिडेट, हंड्रेड ऑफ सक्स.» एटॉमिडेट झोपेचं; किलोला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला २१, सोयीसाठी २०. सक्स म्हणजे सक्सिनिलकोलिन, स्नायू ढिले करणारं, किलोला १.५, म्हणजे १०५, सोयीसाठी १००. सक्सऐवजी «रॉक» ऐकलंत तर ते रोक्युरोनियम, काम तेच, फक्त असर जास्त वेळ टिकतो. या औषधानंतर पेशंट स्वतःहून श्वास घेऊच शकत नाही. म्हणून नळी जाईपर्यंतचे ते काही सेकंद खरोखर श्वास रोखून धरायचे असतात. नाटकासाठी वाढवलेले नसतात.

नळी आत गेल्यावर दोन गोष्टी ऐका. पहिली, «२३ अॅट द टीथ». नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. पुरुषाच्या दातांपाशी साधारण २३, बाईच्या २१ दिसायला हवेत. दुसरी, «गुड कलर चेंज» किंवा «गुड कॅप्नो». नळीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर येतोय, म्हणजे नळी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेतच आहे. मॉनिटरवर हा आकडा `EtCO2` असा दिसतो, चांगला असला तर ३५ ते ४५. मग नळीला फुगा जोडून हाताने हवा देतात, ते «बॅगिंग».

पायरी चौथी: बिघडलं की कारणांच्या यादीत शोधा

नळी बरोबर बसली, आणि तरीही मिनिटभरात सॅट्स ८० वर येतात, बीपी ६० वर ४०. «ही इज क्रॅशिंग!» प्रेक्षक इथे हमखास हरवतो, कारण आत्ताच तर बरं केलं होतं.

अशा वेळी डॉक्टरच्या डोक्यात चार अक्षरं असतात, डी-ओ-पी-ई. नळी जागेवरून सरकली का? नळी चोंदली का? फुप्फुसाबाहेर हवा साठली का? मशीन किंवा ऑक्सिजनच बिघडला का? पेशंटचा व्हेंटिलेटर काढून हाताने बॅगिंग सुरू करताना दिसले की ते शेवटची शक्यता बाद करताहेत.

आपल्या पेशंटचा डावीकडचा श्वास आता अजिबात ऐकू येत नाही. याचं एक साधं कारण असू शकतं: नळी खूप आत जाऊन उजव्या फुप्फुसातच शिरली असेल. म्हणून नर्सला विचारतात, दाताशी आकडा किती? ती सांगते, २३. नळी हललेली नाही. कार्बन डायऑक्साइड अजून येतोय, म्हणजे चोंदलेलीही नाही. उरलं फुप्फुसाबाहेर साठलेली हवा, म्हणजे «टेन्शन न्यूमो».

बरगडी मोडून फुप्फुसाला बारीक भोक पडलेलं असतं. श्वास घेताना हवा त्या भोकातून छातीच्या पोकळीत जाते, पण परत येऊ शकत नाही, सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखं. दर श्वासाला दाब वाढतो, फुप्फुस चिरडतं, मग हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिराही दबतात. हृदय धडधडतंय, पण आत रक्तच येत नाही, मग बाहेर काय टाकणार? आणि नळी घातल्यावर हे झपाट्याने वाढलं, कारण आता हवा जोर लावून आत ढकलली जातेय. पेशंटचं भलं करणाऱ्या नळीनेच हा दाब वाढवला. पहिल्या वाक्यातलं «डावीकडे कमी» ज्याच्या कानात राहिलं, त्याला हे अचानक वाटत नाही.

खुणा तीन. श्वासाचा आवाज नाही, बीपी कोसळलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या. चौथी, «ट्रॅकियल डेव्हिएशन», म्हणजे गळ्यातली श्वासनलिका एका बाजूला ढकललेली. मालिकांना ही फार आवडते, पण प्रत्यक्षात ती उशिरा दिसते, दिसली तर. मानेच्या शिरांचंही तसंच. पेशंटचं रक्त बरंच गेलेलं असेल तर त्या फुगणारच नाहीत. इथे एक्स-रेची वाट बघत नाहीत. एखाद्या सीनमध्ये डॉक्टर असा पेशंट समोर असताना एक्स-रे मागवून थांबला, तर लेखकाने त्याला चुकताना दाखवलंय असं समजा.

उपाय म्हणजे छातीत सुई, «नीडल डीकम्प्रेशन». १४ गेजची लांब सुई. जुन्या सीनमध्ये ती गळपट्टीच्या हाडाच्या मध्याखाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधे जाते. २०१८ च्या एटीएलएसपासून मोठ्या माणसांत काखेच्या बाजूला, चौथ्या किंवा पाचव्या बरगडीखालच्या फटीत घालायला सांगतात, कारण पुढच्या बाजूला छातीची भिंत जाड असते आणि सुई आतपर्यंत पोचत नाही. सुई कुठे घातली यावरून एपिसोड साधारण कोणत्या काळातला, याचा अंदाज येतो. टीव्हीवर «फुस्स» असा स्पष्ट आवाज येतो. खऱ्या खोलीतल्या गोंगाटात तो ऐकू येईलच असं नाही. खात्री आवाजाने होत नाही, बीपी वर येण्याने होते. सुई वाकली किंवा पोचली नाही तर डॉक्टर काखेखाली छेद देऊन बोट आत घालतात. ते दृश्य अंगावर येतं, पण सुईपेक्षा ते खात्रीचं. त्यानंतर तिथेच जाड नळी बसते, «चेस्ट ट्यूब, २८ फ्रेंच». फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर.

पायरी पाचवी: शॉक द्यायचा की नाही

समजा सुई जायला उशीर झाला. मॉनिटरवर लाटा नीट पळताहेत, पण मानेवर बोट ठेवलेला डॉक्टर म्हणतो, «नो पल्स.» कुणी नवशिका पॅडल उचलतो, आणि वरिष्ठ त्याला थांबवतात: «इट्स पीईए.» प्रेक्षकाला वाटतं, माणूस मरतोय आणि हे झटका का देत नाहीत?

झटका हृदय सुरू करायला नसतोच. तो हृदयातली विस्कटलेली वीज एकदा पूर्ण थांबवण्यासाठी असतो, म्हणजे ते आपल्या लयीत पुन्हा उठेल. त्यामुळे दोनच अवस्थांत तो उपयोगी: व्ही-फिब, म्हणजे मॉनिटरवर वेडीवाकडी थरथरती रेघ, आणि नाडी नसलेला व्ही-टॅक, म्हणजे रुंद, उंच, एकसारख्या लाटा. पीईएमध्ये वीज ठीकच आहे, फक्त हृदयातून रक्त बाहेर पडत नाही. तिथे कारण शोधावं लागतं. आणि सरळ रेघ, «असिस्टोल», हिच्यात थांबवायला वीजच नाही. सरळ रेघेवर शॉक देणारा सीन चुकीचाच, मग मालिका कितीही गाजलेली असो.

शॉक देण्याजोगी लय असेल तर क्रम असा: «चार्ज टू टू हंड्रेड», «क्लिअर», झटका, आणि नाडी न बघता लगेच छाती दाबणं, दोन मिनिटं. २०० म्हणजे ज्यूल. जुन्या मालिकांत «दोनशे, तीनशे, तीनशे साठ» असे तीन झटके लागोपाठ देतात. २००५ च्या आधी तीच पद्धत होती. «क्लिअर» म्हणजे बेडला कुणाचा हात लागलेला नाही ना, एवढंच.

शॉक न देण्याजोगी लय असेल तर छाती दाबणं, «वन ऑफ एपी» म्हणजे एक मिलिग्रॅम एपिनेफ्रिन, दर ३ ते ५ मिनिटांनी, आणि कारणांचा शोध. «एचेस अँड टीज» ऐकलंत तर ती कारणांची यादी: एचमध्ये रक्त कमी होणं, ऑक्सिजन कमी होणं, पोटॅशियम बिघडणं, गारठणं वगैरे, टीमध्ये टेन्शन न्यूमो, हृदयाभोवती रक्त साठणं, विषबाधा, गुठळी. आपल्या पेशंटचं कारण टीमध्येच आहे. इथे नुसतं एपी देत बसून चालणार नाही. अपघातातल्या पेशंटची छातीतली हवा आधी सोडवली पाहिजे, दाबणं त्यानंतरचं. सुई जाते, आणि मानेवरचं बोट म्हणतं, «आय हॅव अ पल्स.» याला «रॉस्क» म्हणतात, रक्ताभिसरण परत आलं. म्हणजे एवढंच. पेशंट शुद्धीवर आला असा त्याचा अर्थ नाही.

सीपीआर करताना नटांचे कोपर वाकलेले दिसतात. खरं दाबणं कोपर ताठ ठेवून, छाती ५ सेंटिमीटर तरी खाली जाईल इतक्या जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा असतं. जिवंत नटावर ते करता येत नाही. यशाचं प्रमाणही टीव्हीवर फुगलेलं असतं. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन अमेरिकन मालिकांतल्या सीपीआरची मोजदाद छापून आली: चारातले तीन पेशंट त्या वेळी वाचलेले दाखवले होते. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या माणसांपैकी जिवंत घरी जाणारे अमेरिकेत साधारण दहात एक असतात.

तिकडचं नाव, इकडचं नाव

एवढं कळलं तरी काही शब्द नडतात, कारण वस्तू तीच असते पण आपण तिला दुसऱ्या नावाने ओळखतो. एपी म्हणजे आपलं अॅड्रिनलिन. ईकेजी म्हणजे ईसीजी. ओआर म्हणजे ओटी. एनपीओ म्हणजे एनबीएम, तोंडाने काही द्यायचं नाही. टायलेनॉल म्हणजे पॅरासिटामॉल. «एएमए सही करून गेला» म्हणजे आपल्याकडच्या केसपेपरवर डामा किंवा लामा लिहितात ते, सल्ला न मानता घरी जाणं. डीएनआर म्हणजे हृदय थांबलं तर सीपीआर करू नका असं आधीच लिहून ठेवलेलं. त्याचा अर्थ उपचारच बंद असा नाही, आणि निम्मी भांडणं तिथेच होतात.

माणसांचंही तसंच. अटेंडिंग म्हणजे शिक्षण संपलेला, जबाबदारी घेणारा डॉक्टर, आपल्याकडचे लेक्चरर किंवा कन्सल्टंट. रेझिडेंट म्हणजे पीजी करणारा. पण तिकडचा इंटर्न हा रेझिडेन्सीच्या पहिल्या वर्षातला, डॉक्टर झालेला माणूस. आपल्या मेडिकल कॉलेजातला इंटर्न एमबीबीएसच्या शेवटच्या सक्तीच्या वर्षात असतो. चार्ज नर्स म्हणजे त्या पाळीत मजल्याचा कारभार बघणारी सिस्टर. बेड कुठे रिकामा आहे हे तीच सांगते. आणि पुणे-हैदराबाद हायवेवरचा अपघातातला पेशंट इथे आला की सगळ्यात आधी कानावर पडणारा शब्द, एमएलसी, तो तिकडच्या मालिकांत सापडायचा नाही. पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद करण्याची ती आपल्याकडची पद्धत; तिकडे गोळी लागलेल्या पेशंटची बातमी पोलिसांना देतात, पण दारात त्यासाठी वेगळं नाव घेत नाहीत.

«कोडिंग» म्हणजे हृदय थांबलंय, «कोड ब्लू» ही त्याचीच घोषणा, आणि «कॉल इट» म्हणजे प्रयत्न थांबवा. हे म्हणण्याआधी खोलीतल्या सगळ्यांना विचारतात, आणखी काही करण्यासारखं सुचतंय का? मग वेळ मोठ्याने सांगितली जाते, कारण ती कागदावर चढवायची असते.